डिटॉक्स चहाने आठवड्यात 3 किलो वजन उतरले: त्यात चरबी किती?

मृणाल
एक डिटॉक्स चहा आठवडाभर रात्री झोपताना घेतला. त्या काळात जेवण बरेच कमी केले, पिष्टमय पदार्थ जवळपास बंद ठेवले आणि रोज पोटाचे व्यायाम केले. वजन 3 किलोंनी उतरले आणि कंबरेचा घेरही घटला. चहा थांबवून नेहमीचे जेवण सुरू केल्यावर मात्र चार-पाच दिवसांत 2 किलोंहून अधिक वजन परत आले. म्हणजे चहा चरबी जाळत होता आणि तो सोडल्यामुळे ती पुन्हा साठली, असेच ना? आणि पोटच आधी कमी झाले, ते चहामुळे की व्यायामामुळे?

प्रकाश
शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करत असतात, त्यांना कोणत्याही चहाची गरज नाही. हे सगळे थोतांड आहे. तुमच्या 3 किलोंमध्ये एक ग्रॅमही चरबी नव्हती, निव्वळ पाणी होते.

अनुराधा
मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि असे प्रश्न घेऊन येणाऱ्यांना प्रथम हिशेब मांडून दाखवते. प्रकाशराव, तुमचा रोख बरोबर आहे, पण 'एक ग्रॅमही नाही' हे मला मान्य नाही.

शरीरातील 1 किलो चरबी खर्ची पडायला साधारण 7,700 कॅलरींची तूट लागते. 3 किलोंसाठी ती 23,000 च्या पुढे जाते, म्हणजे आठवडाभर रोज 3,300. बैठे काम करणाऱ्या बहुतेक स्त्रियांचा दिवसाचा एकूण खर्च 2,000 कॅलरींच्या आसपास असतो, त्यामुळे मृणालताईंनी सात दिवस कडकडीत उपास केला असता तरीही हा आकडा गाठता आला नसता. त्यांनी रोज 700 कॅलरी कमी खाल्ल्या असे धरले, तर आठवड्याची तूट 4,900 होते आणि सुमारे 600 ग्रॅम चरबी खरोखरच गेलेली असू शकते. मात्र ती कमी जेवल्यामुळे गेली.

आता उरलेल्या 2.4 किलोंचे पाहू. पिष्टमय पदार्थ बंद केले की यकृतातील आणि स्नायूंतील ग्लायकोजेनचा, म्हणजे राखीव साखरेचा, साठा उतरतो, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी साठलेले असते. साठ्यातून 300 ग्रॅम गेले की काट्यावर 1.2 किलो उतरलेले दिसतात. उरलेले 1.2 किलो माझ्या अंदाजाने आतड्यातील मळ आणि पातळ शौचावाटे गेलेले पाणी असावे. तुमच्या चहाच्या वेष्टनावर सोनामुखी किंवा सेन्ना या रेचकाचे नाव लिहिले आहे का, ते पाहून सांगाल का?

सुनील
सोनामुखीबद्दल विचारले आहे म्हणून लिहितो. मला बद्धकोष्ठाचा जुना त्रास असून डॉक्टरांनीच ती थोडे दिवस घ्यायला सांगितली होती. पोट स्वच्छ झाले आणि हलके वाटले. त्यामुळे तिला सरसकट वाईट ठरवणे अन्यायाचे होईल.

अनुराधा
सुनीलजी, बद्धकोष्ठावर थोड्या दिवसांसाठी ते औषध योग्यच आहे, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न ते वजनासाठी रोज पिण्याचा आहे.

मृणाल
पाहिले. घटकांमध्ये सोनामुखीची पाने दुसऱ्या क्रमांकावर आहेत आणि पहिल्यावर हिरवा चहा.

संजीवनी
अनुराधाताईंचा हिशेब कागदावर ठीक आहे, पण त्यातून एक गोष्ट सुटली असे मला वाटते. अन्न लवकर बाहेर पडले तर ते अंगी लागायला वेळच मिळत नाही, म्हणजे चरबी जळाली नाही तरी नवी साठणे थांबलेच की. शिवाय हिरव्या चहाने चयापचय वाढतो, हे तर संशोधनातूनच पुढे आले आहे.

अनुराधा
संजीवनीताई, पहिला मुद्दा तर्काला धरून वाटतो, पण शरीरात क्रम वेगळा आहे. अन्नातील बहुतेक कॅलरी लहान आतड्यातच शोषल्या जातात आणि सोनामुखीचे काम मोठ्या आतड्यात चालते, म्हणजे ती कामाला लागते तोवर जेवण रक्तात पोहोचलेले असते. 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेचक देऊन लोकांना कित्येक लिटर जुलाब करवले गेले, तरीही कॅलरींचे शोषण सुमारे 12 टक्क्यांनीच घटले. एवढे जुलाब सोसणे हीच एक शिक्षा आहे!

हिरव्या चहाचे म्हणाल, तर त्यातील कॅफिनमुळे ऊर्जेचा खर्च किंचित वाढतो, पण तो वजनात जाणवेल इतका नसतो. कपातला चहा निरुपद्रवी आहे. त्याच्या अर्काच्या गोळ्यांबाबत मात्र सावध राहावे, कारण रोज 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी, म्हणजे हिरव्या चहातील मुख्य कॅटेचिन, घेणाऱ्यांमध्ये यकृताची विकरे वाढलेली आढळल्याचे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये नोंदवले आहे.

परत आलेल्या 2 किलोंमुळेच हे चहा खपतात, असे मला वाटते. जुलाबांमुळे पाणी आणि क्षार गेले की शरीर क्षार धरून ठेवणारे संप्रेरक वाढवते, आणि रेचक थांबवल्यावरही ते लगेच खाली येत नाही. त्यामुळे काही दिवस शरीर पाणी राखून ठेवते, क्वचित पायांवर सूजही दिसते. त्यातच नेहमीचे जेवण सुरू झाल्याने ग्लायकोजेन पुन्हा भरते. माणसाला वाटते की चहा सोडला म्हणून चरबी परतली, आणि तो नवे पाकीट उघडतो. चार दिवसांत 2 किलो चरबी साठायला गरजेपेक्षा 15,000 हून अधिक कॅलरी जास्त खाव्या लागतील. तसे काही झाले होते का?

मृणाल
नाही, अजिबात नाही. पण घेर घटला, तो तर मी टेपने मोजला होता.

प्रकाश
पोट साफ झाले आणि वायू कमी झाला की टेप आत येणारच. पोटाच्या व्यायामाने पोटाची चरबी जाते, हीदेखील तितकीच मोठी थाप आहे. टेनिस खेळाडूंच्या दोन्ही हातांची तुलना 1971 मध्येच झाली होती. खेळणारा हात स्नायूंमुळे जाड भरला, पण त्वचेखालच्या चरबीची जाडी दोन्ही हातांवर जवळपास सारखीच निघाली.

समीर
इतक्या ठामपणे 'थाप' म्हणू नये. काम करणाऱ्या स्नायूच्या लगतच्या चरबीत रक्तप्रवाह आणि चरबीचे विघटन वाढते, हे 2007 मध्ये मोजून दाखवले गेले आहे. 2023 मध्ये जास्त वजनाच्या काही पुरुषांनी दहा आठवडे पोटाच्या स्नायूंचा दीर्घ दमाचा व्यायाम केला, तेव्हा तेवढीच ऊर्जा ट्रेडमिलवर खर्च करणाऱ्यांपेक्षा त्यांच्या धडावरची चरबी थोडी जास्त घटली. म्हणजे दार पूर्ण बंद नाही.

अनुराधा
समीर, तो अभ्यास मीही वाचला आहे. सहभागी माणसे मोजकीच होती आणि फरक एक किलोच्याही आतला होता, त्यामुळे पुनरावृत्ती होईपर्यंत त्यावर सल्ला उभा करायला मी तयार नाही. विघटन झालेली चरबी रक्तात उतरते आणि तिथून कोणताही स्नायू ती उचलू शकतो. पोटाच्या स्नायूने शेजारचीच चरबी वापरावी अशी सोय शरीरात नाही. कोणाची चरबी आधी कुठून उतरेल, हे बरेचसे अनुवंशिकता आणि संप्रेरके ठरवतात.

समीर
लगतच्या चरबीला थोडा अग्रक्रम मिळतो, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ते खोडून काढणारे तुम्ही काही दाखवलेले नाही.

अनुराधा
खोडून काढत नाही, पण टेपवर दिसेल एवढा तो अग्रक्रम आहे हेही अजून कोणी दाखवलेले नाही.

मृणालताई, घेर पुन्हा मोजायचा असेल तर नेहमीचे जेवण सुरू करून आठवडा होऊ द्या. मग सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी, सहज श्वास सोडून टेप लावा. चहापूर्वीच्या आकड्याशी तुलना केल्यावर जो फरक उरेल, त्यातच चरबीचा वाटा शोधता येईल. आणखी एक विचारायचे राहिले. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे का? असल्यास रेचकासोबत पोटॅशियम बरेच खाली जाऊ शकते.

मृणाल
मला नाही, पण माझ्या सासूबाईंना तशी गोळी आहे आणि त्याही माझ्याबरोबर हाच चहा घेत होत्या. गेल्या आठवड्यापासून त्यांच्या पिंढऱ्यांना रात्री गोळे येत आहेत.

अनुराधा
त्यांचा चहा आजच थांबवा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. उद्याच डॉक्टरांकडे नेऊन पोटॅशियम तपासून घ्या आणि चहाचे पाकीट सोबत ठेवा. छातीत धडधड किंवा जास्त अशक्तपणा जाणवला, तर उद्याची वाट पाहू नका.