उंबरठ्यावरची पितळी पट्टी सुटते, कोणता गोंद वापरू? (तातडीचे)

वेंगुर्लेकर_७
उंबरठ्यावर पितळी पत्रा चिकटवला होता, पुन्हा सुटला. चतुर्थीला पाहुणे येणार, त्याआधी पक्का बसायला हवा. सगळ्यात जबरदस्त गोंद कोणता? खिळे-स्क्रू सुचवू नका, आई उंबरठ्याला भोक पाडू देणार नाही.

खाडीकाठ
पत्रा किती लांब? लाकूड कुठलं, त्यावर पॉलिश आहे का? आधी काय लावलं होतं? आणि मुख्य म्हणजे सुटल्यावर गोंद कुठे राहिला, पितळेला की लाकडाला?

नाना_मालवण
चार पितळी खिळे मार आणि मोकळो हो. आमच्याकडे आजोबांच्या वेळचो पत्रो अजून हललेलो नाय.

स्वप्ना_दे
इन्स्टंट ग्लू! माझ्या चपलेचा तळ दोन वर्षं टिकलाय.

खाडीकाठ
चपलेचं रबर वाकतं. इन्स्टंट ग्लू कडक आणि ठिसूळ होतो. उंबरठ्यावर पाय आपटला की तडकणार, शिवाय पावसात ओल आत शिरणार.

वेंगुर्लेकर_७
साधारण एक मीटर लांब, चार इंच रुंद. जुना सागवान, वर पॉलिश. दोन ट्यूबवालं इपॉक्सी, पाच मिनिटांत सुकणारं. गोंद पूर्ण लाकडाला चिकटून आहे, वरून काचेसारखा गुळगुळीत. पितळ कोरं आहे. लावण्याआधी पितळ पावडरीने घासून लख्ख केलं होतं, त्यामुळे तो प्रश्नच नाही.

खाडीकाठ
प्रश्न तोच आहे. गोंद लाकडावर गुळगुळीत राहिला म्हणजे त्याने पितळ पकडलंच नाही. लख्ख पितळेवर पकड नसते आणि पावडरीचा, हाताच्या तेलाचा पातळ थर राहतो. समुद्राकाठी मिठाचाही.

पत्र्याची खालची बाजू आधी गोड्या पाण्याने धुऊन सुकवा. मग स्वच्छ फडक्याने अ‍ॅसिटोन, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत आडवं-उभं घासा, मग पुन्हा अ‍ॅसिटोन, नव्या फडक्याने. रॉकेल नको, ते तेलकट थर सोडतं. आता पाण्याचा थेंब टाका. पसरला तर स्वच्छ, गोळा झाला तर पुन्हा घासा. पाणी पुसा, वाळू द्या, मग बोट लावू नका.

लाकडावरचं पॉलिशही खरवडा, नाहीतर या वेळी गोंद पॉलिशसकट उचलला जाईल. सागात तेल असतं, म्हणून चिकटवण्याच्या जरा आधी अ‍ॅसिटोनने पुसा.

दापोली_सुतार
घासणं बरोबर. पण मीटरभर पत्र्याला इपॉक्सी मुळात चुकीचं. सिलिकॉन लावा, रबरासारखं ताणतं.

खाडीकाठ
ताणणारं हवं हे मान्य. ऊन पडून पितळ तीसेक अंशांनी तापलं की मीटरमागे अर्धा मिलिमीटर वाढतं आणि लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही. पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पितळेला हिरवं करतं.

दापोली_सुतार
मी किती ठिकाणी लावलंय, एकही तक्रार नाही.

खाडीकाठ
कडेला हिरवी रेघ दिसते का ते एकदा जाऊन बघा. मी पीयू सीलंट लावेन. पूर्ण फासू नका. ते हवेतल्या ओलीने कडेकडून आत सुकतं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. चार इंच रुंदीचा मध्य कच्चाच राहील. लांबीत चार-पाच रेघा ओढा, मध्ये हवेला वाट ठेवा. पत्रा दाबून गोंद सगळा बाहेर काढू नका. आतली जाडी दीड मिलिमीटर राहावी म्हणून तेवढ्या जाडीच्या तंगूसचे तुकडे खाली ठेवा. कडा आठवड्याने बंद करा.

रेवती_चि
मला फिशटँकच्या काचेला प्लास्टिकची क्लिप लावायची आहे. मग मीही व्हिनेगरवालं टाळू का?

खाडीकाठ
नाही, उलट. टँकसाठी तेच चालतं, फक्त त्यात बुरशीनाशक नसावं आणि पूर्ण सुकल्यावरच पाणी भरा. क्लिपखाली त्रिकोणात ५ आकडा आहे का? असेल तर कुठलंच सिलिकॉन नीट धरणार नाही.

रेवती_चि
५ च आहे 😑

नाना_मालवण
एवढो आठवडो थांबण्यापेक्षा खिळे.

वेंगुर्लेकर_७
नाना, आईला तुम्हीच समजवा. घासून थेंब टाकला, दोन कोपऱ्यांत अजून गोळा होतोय. पुन्हा घासतो. पण पीयू सुकेपर्यंत आठवडाभर उंबरठ्यावरून कोणी जायचंच नाही का? घराला दुसरं दार नाही.

दापोली_सुतार
वर फळी टाका, दोन्ही टोकं लाकडावर टेकवून. पत्र्यावर भार नको.