'वित्र'ला 'विषम' म्हणावं का? आणि 'कुनूत'चं काय?

अनुवादिका
नमाजाची माहिती देणारी उर्दू पुस्तिका मराठीत आणते आहे. एका वाक्यावर गाडी अडली आहे : 'वित्र की तीसरी रकअत में दुआ-ए-कुनूत पढ़ी जाती है.' मी केलं, 'विषम नमाजाच्या तिसऱ्या रकातीत, रुकूनंतर उभं राहून, विनवणी म्हणतात.' रकात म्हणजे नमाजाची एक फेरी, रुकू म्हणजे त्यातलं कमरेतून वाकणं. तपासणाऱ्यांनी 'विषम'वर काट मारून 'वितर' केलं आणि 'रुकूनंतर'खाली लाल रेघ ओढली. नेमकं चुकलं काय?

कोशकिडा
'वितर' हवंच, शब्द आपलाच आहे. वि + तृ, म्हणजे तरून जाणं. रात्र तरून जाताना करायची प्रार्थना ती वितर.

शमीम
कोशकिडा, तसं नाही. शब्द अरबी आहे, वाव-ते-रे या धातूचा. कुराणाच्या ८९व्या सूरेत 'शफ्अ' आणि 'वत्र' अशी जोडी येते, म्हणजे जोडीचं आणि बिनजोडीचं. अर्थ 'विषम' हाच आहे, तरीही अनुवादात तो चालणार नाही. सूर्यास्तानंतरच्या मगरिबच्या फर्जच्याही तीनच रकात असतात, मग तीही विषम नमाजच. वित्र हे एका ठरावीक नमाजाचं नाव आहे : रात्रीच्या इशा नमाजानंतर, पहाट फुटण्याआधी. रात्रीचा शेवटचा नमाज वित्र करा, अशी हदीस आहे. नावाचं भाषांतर केलं की ही जागाच पुसली जाते.

मायबोलीकर
परके शब्द जसेच्या तसे ठेवायचे तर अनुवाद कशाला? 'एकी-बेकी' आपल्याकडे आहे. 'एकी नमाज' म्हणा.

शमीम
'एकी' म्हटलं की एकजूट आठवते, आणि शाळेतला दुसरा अर्थही. नमाजाजवळ तो नको. 'वित्र' ठेवा आणि पुढे एक वाक्य जोडा : रकातींची एकूण संख्या विषम असते. हनफी पंथाचे लोक तीन रकात सलग पढतात, दुसरीनंतर बसतात आणि सलाम तिसरीनंतर एकदाच फेरतात. शाफई पंथात एक रकातही पुरते, अकरापर्यंत जाता येतं, आणि तीन असतील तर बहुधा दोन पढून सलाम, मग एक वेगळी.

रात्रपाळी
मला उलटं विचारायचंय. तिसऱ्या रकातीत मी कुनूत विसरून रुकूत गेलो आणि तिथे आठवलं. परत उभा राहू का? मी हनफी आहे.

शमीम
नाही. रुकूत गेलात की कुनूतची जागा मागे गेली. नमाज पुढे चालू ठेवा. शेवटच्या बैठकीत अत्तहियात झाली की उजवीकडे एक सलाम, दोन सजदे, मग पुन्हा अत्तहियात, दरूद, दुआ आणि नेहमीचे सलाम. हाच सजदा-ए-सहव, म्हणजे विसरल्याची भरपाई करणारे सजदे. समजा उठून कुनूत पढलीतच, तर नमाज मोडत नाही. रुकू पुन्हा करायचा नाही, पण सहवचे सजदे तरीही द्यावे लागतात.

अनुवादिकाताई, तुमची लाल रेघ इथेच आहे. हनफी पद्धतीत फातिहा आणि सूरा झाल्यावर, रुकूच्या आधी, हात कानांपर्यंत उचलून तकबीर म्हणतात, हात पुन्हा बांधतात आणि कुनूत पढतात. तुम्ही 'नंतर' लिहिलंत. पुस्तिका हनफी असेल तर वाचणारा रुकूत जाऊन येईल आणि मग दुआ शोधेल.

किनारा
पण 'नंतर' चूक कसं? आम्ही शाफई. रुकूतून उठल्यावरच हात पसरून पढतो, आणि वित्रमध्ये फक्त रमजानच्या दुसऱ्या पंधरवड्यात. पहाटेच्या फजरला मात्र आमची कुनूत वर्षभर असते.

शमीम
तुमच्याकडे तेच बरोबर. दुआही बहुधा वेगळी : तुमची 'अल्लाहुम्महदिनी'ने सुरू होते, हनफींची 'अल्लाहुम्म इन्ना नस्तईनुक'ने. म्हणून नुसतं 'उभं राहून' पुरत नाही. कुठलं उभं राहणं, तेही लिहायला हवं.

कोशकिडा
कुनूत म्हणजेच उभं राहणं ना? मग 'उभं राहून कुनूत' ही द्विरुक्ती झाली.

शमीम
अर्धं बरोबर आहे. 'सर्वांत चांगला नमाज तो, ज्यात कुनूत लांब' या हदीसेत कुनूत म्हणजे उभं राहणंच. दुसऱ्या सूरेत 'कानितीन' येतं तिथे नम्रपणे, आज्ञेत उभे राहणारे. वित्रमध्ये मात्र ते त्या दुआचं नाव झालं आहे. एक सापळा सांगते. अरबीत 'ते'ने लिहिलेलं कुनूत हे, आणि 'तोय'ने लिहिलं तर अर्थ होतो निराशा. ३९व्या सूरेत 'अल्लाहच्या दयेबद्दल निराश होऊ नका' म्हटलंय, ते क्रियापद या दुसऱ्या धातूचं. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. कोशात पाहताना मूळ अक्षर बघा.

मायबोलीकर
म्हणूनच 'विनवणी' बरी. निराशेचा घोळच नाही.

अनुवादिका
पुस्तिका हनफीच आहे, 'नंतर'चं 'आधी' केलं. 'वित्र' ठेवते, पण मराठी बोलणारे 'वितर'च म्हणतात ना?

किनारा
बोलताना वितर. पण 'दुआ म्हणतात' कानाला खटकतं. नमाज पढतात, दुआ मागतात.

रात्रपाळी
कुनूत मागत नाहीत, पढतात. ठरलेले शब्द आहेत ते.

किनारा
ठरलेले असले तरी मागणंच आहे ते. हात कशाला पसरतो मग?

रात्रपाळी
आम्ही पसरत नाही, बांधतो.