मदत हवी आहे: डायक्स्ट्रात चिकोडी क्यूमध्ये दोनदा कशी?

नमस्कार मंडळी. पायथनच्या heapq चा डायक्स्ट्रा वहीवर सोडवतोय. गावं आपल्याकडचीच घेतलीत, अंतरं मात्र मनाची (खरी घेतली तर बेरजेतच जीव जातो): बेळगाव–हुक्केरी ३, बेळगाव–चिकोडी ९, हुक्केरी–चिकोडी ४, चिकोडी–निपाणी ३.

बेळगाव ० धरून निघालो. क्यूत (३, हुक्केरी) आणि (९, चिकोडी) आले. हुक्केरी बाहेर काढल्यावर तिथून चिकोडी ३+४=७ ला मिळाली, म्हणून (७, चिकोडी) टाकलं. जुनं ९ मात्र तसंच राहिलं, कारण heapq ला मधली नोंद बदलता येत नाही. मग ७ वाली चिकोडी निघाली आणि (१०, निपाणी) आत गेलं. आता सगळ्यात वर पुन्हा चिकोडी, ९ घेऊन! सीनियरनी ही ओळ घालायला सांगितली:

```
if d > dist[u]: continue
```

ओळ काढली तरी उत्तर १०च येतं, कारण ९+३=१२ कुणाला नकोच. मग ती फक्त फुकटची मेहनत वाचवते का? आणि सरांच्या तक्त्यात ९ खोडून ७ केलंय, नोंद एकच. परीक्षेत heapq प्रमाणे दोन्ही ठेवून शिळ्या नोंदीपुढे ‘सोडली’ लिहिलं तर चालतं का? कुणी पेपर तपासत असेल तर सांगा की.