मदत हवी: ग्लुकोमीटर हायपोने पुसल्यापासून एरर देतोय, पुसू कशाने?

रात्रपाळी_डिचोली (रात्री 2:40)
ड्युटीवर आहे, लवकर सांगा. वॉर्डमध्ये ग्लुकोमीटर एकच. इन्फेक्शन कंट्रोलच्या मॅडमनी सांगितलं की स्पिरिटने पुसू नका, हायपोने म्हणजे ब्लीचच्या द्रावणाने पुसा. आठवडाभर हायपोने पुसतेय, तर आता मधूनच एरर येतो आणि रीडिंगही विचित्र येतात. काल एका बाईंचं 61 आलं. घाम नाही, थरथर नाही, बाई मजेत बोलत होत्या. लॅबला पाठवलं तर 148. डॉक्टर माझ्यावर ओरडले. सकाळी सहाची राऊंड आहे. कशाने पुसायचं एवढंच सांगा.

जनरल_वॉर्ड_ब्रदर (2:58)
स्पिरिट. बारा वर्षं स्पिरिट स्वॅबनेच पुसतोय, एकही मशीन बिघडलं नाही. हे हायपोचं खूळ ऑडिट जवळ आलं की निघतं.

मडगावची_आयसीएन (3:10)
सिस्टर, एवढ्यावर काही सांगता येणार नाही. मशीन कुठलं, घरगुती की हॉस्पिटलसाठीचं? हायपो किती टक्के? फवारता की कापडाने पुसता? एका राऊंडला किती पेशंट? स्ट्रिपची बाटली कधी उघडली?

रात्रपाळी_डिचोली (3:16)
मशीन नेहमीचंच, छोटं. हायपो वॉर्डमध्ये असतो तोच, 1 टक्का. गॉजवर ओतते आणि पुसते. सकाळी 11 पेशंट. बाटली ट्रेमध्ये असते, कधी उघडली ते माहीत नाही, इथे सगळेच वापरतात.

लॅबवाला_म्हापसा (6:25)
गॉजवर ओतता म्हणजे गॉज ठिबकत असणार. पट्टी घालायच्या फटीत थेंब गेला की आतल्या संपर्काच्या पत्र्या गंजतात, मग एरर येतो. पण 61 आणि 148 हा फरक फक्त मशीनमुळे असेल असं मला वाटत नाही. जुलै महिना, गोव्यातली हवा, आणि बाटली ट्रेमध्ये! झाकण उघडं राहतं का? पट्टीवरचं रसायन ओल शोषतं आणि मग आकडा कुठेही जातो.
कंट्रोल सोल्युशन, म्हणजे साखर ठरलेली असलेलं तपासणीचं द्रावण, आहे का? आधी त्याच बाटलीची पट्टी तपासा, मग नवी बाटली फोडून तिची. जुनी बाहेर आणि नवी हद्दीत आली तर दोष बाटलीचा. दोन्ही बाहेर आल्या किंवा एरर आला तर मशीनचा. हद्द बाटलीवरच छापलेली असते.

शिरोड्याचे_बाब (6:50)
माझ्या वडिलांची साखर घरी रोज तपासतो. कारल्याचा रस सुरू केल्यापासून 210 वरून 160 वर आली. मशीन मी कधीच पुसत नाही. काही धोका आहे का?

जनरल_वॉर्ड_ब्रदर (7:05)
बाब, तुमच्या घरी एकच माणूस वापरतो ना? इथे अकरा पेशंटचं चाललंय. वेगळा धागा काढा.

मडगावची_आयसीएन (7:30)
ब्रदर, स्पिरिटबद्दल. रक्त लागलं असेल तर स्पिरिट ते धुऊन काढत नाही, उलट तिथेच गोठवतं. शिवाय वॉर्डच्या पंख्याखाली ते काही सेकंदांत उडून जातं, जंतू मारायला पृष्ठभाग पुरेसा वेळ ओला राहतच नाही. हेपॅटायटिस बी वाळलेल्या रक्तात सात दिवस तरी टिकतो, आणि डाग डोळ्यांना दिसलाच पाहिजे असंही नाही. अमेरिकेच्या एफडीएने 2010 मध्येच सांगितलं होतं की रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंसाठी नुसतं 70 टक्के अल्कोहोल पुरेसं मानू नये. त्याच सूचनेत ब्लीचच्या द्रावणाने मशीन खराब होऊ शकतं हेही होतं. म्हणजे सिस्टर, तुमची मॅडमही बरोबर आणि तुमचा एररही खरा.

जनरल_वॉर्ड_ब्रदर (7:41)
मग काय, रोज मशीन फेकून द्यायचं?

मडगावची_आयसीएन (7:58)
नाही. मशीनच्या पुस्तिकेत बघायचं. हॉस्पिटलसाठीच्या मशीनवर कोणतं जंतुनाशक चालतं ते कंपनीने लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा तयार ओले वाइप्स असतात, क्वाट नावाचं जंतुनाशक आणि अल्कोहोल एकत्र असलेले. पुस्तिकेत फक्त 'ओल्या कापडाने पुसा' एवढंच असेल, तर ते मशीन एका पेशंटपुरतंच आहे. अनेकांसाठी वापरायचंच नाही.
आणि सिस्टर, एक विचारायचं राहिलं. बोट टोचता कशाने?

रात्रपाळी_डिचोली (दुपारी 1:15)
झोपून उठले. पुस्तिका ड्रॉवरमध्ये सापडली. 'किंचित ओल्या कापडाने पुसा', बस. म्हणजे घरगुतीच.
लॅबवाल्यांनी सांगितलेलंही इन्चार्जकडून करून घेतलं. जुन्या बाटलीचं रीडिंग हद्दीच्या खाली, नवीचं हद्दीत. एरर मात्र नव्या बाटलीवरही दोनदा आला. म्हणजे दोन्ही दोष? 😣
टोचायला पेन आहे. पेन एकच, पण सुई प्रत्येक पेशंटला नवी घालतो, एवढं आम्हालाही कळतं.

मडगावची_आयसीएन (1:22)
सिस्टर, ते पेन आत्ताच बाजूला ठेवा. या क्षणी. मशीन राहू दे, आधी पेन.
सुई नवी असली तरी टोपी तीच. टोपी बोटावर दाबतो, रक्त तिच्या कडेला लागतं आणि पुढच्या माणसाच्या ताज्या छिद्रावर तीच टोपी बसते. 1990 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णालयात अगदी असंच झालं: सुई प्रत्येक वेळी नवी, पण बोट टेकवायचा भाग बदलला जात नव्हता, आणि हेपॅटायटिस बी पेशंटमधून पेशंटमध्ये गेला. पेन पुसून चालत नाही. ते एका माणसाचंच असतं. वॉर्डसाठी एकदाच चालणारी, टोचल्यावर सुई आपोआप आत जाऊन बंद होणारी लॅन्सेट हवी.

जनरल_वॉर्ड_ब्रदर (1:40)
हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडेही पेनच आहे.

रात्रपाळी_डिचोली (1:52)
आता पोटात गोळा आला. बेड 7 चे आजोबा एचबीएसएजी पॉझिटिव्ह आहेत, म्हणजे हेपॅटायटिस बी. पाच दिवसांपासून ॲडमिट. सकाळी क्रमाने घेतो, म्हणजे त्यांच्यानंतर बेड 8, 9...

मडगावची_आयसीएन (2:05)
घाबरा, पण लपवू नका. आजच इन्चार्ज आणि इन्फेक्शन कंट्रोलच्या मॅडमना लेखी कळवा. पाच दिवसांत आजोबांनंतर त्याच पेनने कोणाकोणाला टोचलं त्याची यादी साखरेच्या नोंदींच्या जीआरबीएस चार्टवरून काढा. वेळ तिथे असतेच. घरी गेलेले पेशंटही त्यात घ्या. डॉक्टर त्यांची आत्ताची तपासणी करतील, लस झाली आहे का बघतील, आणि न झालेल्यांना लस आणि इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं का ते ठरवतील. इम्युनोग्लोब्युलिन जितकं लवकर तितकं चांगलं, टोचल्यापासून सात दिवसांच्या आत. म्हणून उद्या नाही, आज. आजची तपासणी निगेटिव्ह आली तरी सुटलो असं नाही, पुन्हा करावी लागते. हा आजार दिसायला दोन ते पाच महिने लागू शकतात.

इन्चार्ज_काकू (3:30)
बायो, मी तीस वर्षं सिस्टर आहे. लपवणाऱ्या मुलींना मी ओरडते, सांगणाऱ्यांना नाही. लिहून दे आणि एक प्रत जवळ ठेव. पेन हॉस्पिटलनेच दिलं होतं ना? मग एकट्या तुझ्या माथ्यावर ते कसं मारतील?

रात्रपाळी_डिचोली (4:10)
दिलं लिहून. मॅडम पांढऱ्या पडल्या पण चिडल्या नाहीत. पेन लॉकरमध्ये गेलं, लॅन्सेटचा एक डबा फार्मसीतून आला. हॉस्पिटलचं मशीन मागवणार आहेत, पण पर्चेसवाले म्हणतात एकच मिळेल. अकरा पेशंट, एक मशीन, आणि प्रत्येक वेळी पुसायचं. कसं जमवू? सातला इन्सुलिन.

मडगावची_आयसीएन (4:45)
दोन मागा आणि हिशोबच समोर ठेवा. आमच्या वाइप्सच्या पाकिटावर दोन मिनिटं ओलं राहायला हवं असं लिहिलंय, तुमच्या पाकिटावर जे असेल ते धरा. हात, ग्लोव्हज, टोचणं आणि लिहिणं मिळून पेशंटमागे तीन मिनिटं. मग एका वाइपने रक्त आणि मळ काढायचा, ती टाकून दुसऱ्या वाइपने पूर्ण ओलं करायचं, त्यात एक मिनिट. मग ओलं ठेवून, वाळवून तीन मिनिटं. एकाच मशीनवर माणसामागे सात मिनिटं, म्हणजे अकरांना 77. दोन असली तर एक ओलं पडलेलं असताना दुसरं वापरता, माणसामागे चार, म्हणजे 44. सव्वासहाला सुरू केलंत तरी सातच्या आत संपतं.
वाइप पिळून घ्या आणि फट खाली धरून पुसा म्हणजे थेंब आत जात नाही. दोन मिनिटांच्या आत वाळलं तर पुन्हा ओलं करायचं. पंख्याखाली ट्रे ठेवू नका.

लॅबवाला_म्हापसा (5:02)
आणि बाटली बेडवर नेऊ नका. नर्सिंग स्टेशनवर हात स्वच्छ असताना एक पट्टी काढायची, झाकण लगेच टक करून लावायचं. ग्लोव्हज घालून बाटलीत बोट घातलं तर मशीन पुसून काय उपयोग? बाटलीवर उघडल्याची तारीख पेनने लिहा, म्हणजे कोणीतरी जबाबदार राहील.

इन्चार्ज_काकू (5:20)
वापरलेली पट्टी कुठे टाकता? लॅन्सेट पांढऱ्या डब्यात, कापूस पिवळ्या पिशवीत, हे सगळ्यांना ठाऊक. पट्टी आम्ही पिवळ्यात टाकतो.

लॅबवाला_म्हापसा (5:26)
आमच्याकडे लालमध्ये. प्लास्टिक आहे ना ते.

इन्चार्ज_काकू (5:31)
रक्त लागलेलं आहे की नाही? मग पिवळी.

मडगावची_आयसीएन (5:50)
यावर आमच्या कमिटीतही दोन तट आहेत. तुमच्या भागात कचरा नेणाऱ्यांना विचारा, ते एक सांगतील ते सगळ्या वॉर्डात लावा.

शिरोड्याचे_बाब (6:15)
म्हणजे माझ्याकडचं पेनही वडिलांचंच असायला हवं? कारण बायकोची साखरही मी त्यानेच बघतो.

जनरल_वॉर्ड_ब्रदर (6:18)
बाब!!! 🙏 आज दुसरं पेन आणा.

रात्रपाळी_डिचोली (दुसऱ्या दिवशी, सकाळी 7:50)
यादीत सहा नावं निघाली. एक काल संध्याकाळीच घरी गेलेले, त्यांना मॅडमनी फोन केला, ते आज येणार आहेत. मशीन अजून नाही, तोवर लॅबवाले सकाळचे अकरा नमुने घेतात, त्यामुळे आज इन्सुलिन आठला गेलं आणि डॉक्टर पुन्हा ओरडले. पण ह्यावेळी पर्चेसवर. देव बरें करूं सगळ्यांचं.