लेगरूमचे पैसे भरले, सीट भलतीच मिळाली: पैसे परत मागायला काय लिहिलंत? (अनुभव)

रानजाई
सकाळी वहिनीचा फोन, थेट विमानतळावरून. जास्त लेगरूमची सीट पैसे भरून घेतलेली, आणि हातात पास भलत्याच रांगेचा. ऐकताना आमचं पुणे-दिल्ली प्रकरण आठवलं, म्हणून धागा काढतेय.

बाबांचा गुडघा बदललेला. पाय फार वेळ दुमडून बसले की उठताना जीव जातो. म्हणून १डी, पहिली रांग, तिकिटावर वेगळे १५०० रुपये. वेब चेक-इनलाही १डीच होती. बॅग द्यायला काउंटरवर गेलो तर पास आला १७ईचा. मधली सीट! ना मेसेज, ना मेल. 'विमान बदललंय' एवढंच उत्तर. आत गेलो तर पहिली रांग जागच्या जागी, आणि १डीवर एक गृहस्थ पाय पसरून पेपर वाचतायत. बाबा दिल्लीपर्यंत पुढच्या सीटला गुडघा टेकवून बसले.

पत्र इंग्रजीत लिहिलं होतं. मजकूर साधारण असा:

"विषय: न दिलेल्या सीटच्या शुल्काचा परतावा (पीएनआर, फ्लाइट नंबर, तारीख).
वडिलांच्या १डी सीटसाठी मी १५०० रुपये वेगळे भरले होते. काउंटरवर आम्हाला न विचारता १७ई देण्यात आली. एसएमएस किंवा मेलवर कळवलं नाही. १७ईला जादा लेगरूम नाही. सीट बदलून आम्ही मागितली नव्हती. ज्या कार्डावरून पैसे भरले त्याच कार्डावर पूर्ण रक्कम परत करावी. व्हाउचर नको. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास आपल्या नोडल अधिकाऱ्याकडे व सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करेन.
सोबत: सीटची पावती, १डीचा वेब चेक-इन पास, १७ईचा पास."

बाबांचं ऑपरेशन, झालेला त्रास, सगळं मुद्दाम गाळलं. त्यावर 'दिलगीर आहोत'च्या पुढे कोणी जात नाही. तरी पहिलं उत्तर छापील आलंच: सीट ऑपरेशनल कारणाने बदलू शकते, शुल्क नॉन-रिफंडेबल. मी उलट एवढंच विचारलं, 'सीट बदलायचा हक्क तुमच्या अटींत आहे, मान्य. न दिलेल्या सीटचे पैसे ठेवून घ्यायचा हक्क कुठल्या कलमात आहे?' आणि तोच मेल नोडल अधिकाऱ्याला. पैसे आले. तुमचे अनुभव लिहा.

खडूस_काका
१५००वर समाधान? सरकारी विमान नियामक डीजीसीएचा नियम आहे, डाउनग्रेड केलं तर तिकिटाच्या ७५ टक्के परत. सोडलंत तुम्ही त्यांना.

टिवल्याबावल्या
पेपरवाल्या गृहस्थांचा पत्ता मिळाला असता तर १५०० त्यांच्याकडूनच वसूल केले असते 😂

पूर्वी_काउंटरवर
काका, ७५ टक्के वर्ग खाली आणला तर. बिझनेसचं तिकीट आणि बसवलं इकॉनॉमीत, अशा केससाठी तो नियम २०२३ मध्ये आला. देशांतर्गत प्रवासाला ७५ टक्के, परदेशच्या प्रवासाला अंतरानुसार ३० ते ७५. इकॉनॉमीतली पुढची सीट जाऊन इकॉनॉमीतलीच मागची आली तर कागदोपत्री वर्ग तोच राहतो. पत्रात ७५ टक्के लिहिलंत तर 'लागू नाही' म्हणून एका ओळीत फाईल बंद करतात आणि सीटचे पैसेही लटकतात. जेवढे भरले तेवढेच मागा.

बाकी 'विमान बदललंय' खोटं असेलच असं नाही. ऐनवेळी दुसरं विमान लागलं की सगळ्या सीट सिस्टीम एका झटक्यात नव्याने मांडते. त्यात कुणी पैसे भरलेत हे बघायचं ते काउंटरवर माणसाने, आणि मागे रांग दारापर्यंत. म्हणून पास हातात आला की तिथेच सांगायचं, 'बुकिंगवर रिमार्क टाका, सीट एअरलाइनने बदलली, पॅसेंजरने नाही.' नंतर रिफंडवाले तेच शोधतात. नसेल तर तुम्हीच बदलून मागितली असं धरतात. रानजाईंकडे दोन्ही पास होते म्हणून निभावलं. वेब चेक-इनचा पास लोक डिलीट करतात, तिथेच घोळ होतो.

खडूस_काका
बरं, वर्गाचं मान्य. पण मनस्ताप?

पूर्वी_काउंटरवर
तो एअरलाइनकडे मागून मिळत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात मागता येतो. राहत्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंत फी नाही. पण १५०० साठी तारखा कोण करणार ते तुम्ही ठरवा.

लांबटांग्या
उंची सहा-दोन, त्यामुळे दरवेळी इमर्जन्सी दाराजवळची रांग. एकदा विमानात चढल्यावर मला उठवलं, का तर हाताला प्लास्टर. रिफंड मागितला तर म्हणे तुम्ही त्या सीटला पात्रच नव्हता. रानजाई, नीट हालचाल करता येत नाही अशांनाही त्या रांगेत बसवत नाहीत बरं. तुमच्या बाबतीत हे कारण पुढे नाही केलं?

रानजाई
केलं ना, फोनवर! पण आमच्या विमानात पहिल्या रांगेला इमर्जन्सी दार नव्हतं, समोर नुसती भिंत होती. तिथे ती अट नाही. १डी म्हटल्यावर गप्प.

सुगरण_ठाणे
आमची बॅगच आली नव्हती इंदूरला. आत लोणचं होतं. त्याचं पत्र कोणाला लिहायचं?

टिवल्याबावल्या
लोणचं कुठलं, त्यावर उत्तर अवलंबून 😄

सुगरण_ठाणे
लिंबाचं. मुरलेलं. भाजी करपतेय, नंतर येते.

गोंयकार
आमची दाबोळीची कथा. तिकीट आणि सीट दोन्ही ट्रॅव्हल ॲपवरून. एअरलाइन म्हणते ॲपला पैसे दिले, ॲप म्हणतं आलेच नाहीत. अजून चालूच. सीट निदान थेट एअरलाइनच्या साइटवरून पीएनआर टाकून घ्या.

पूर्वी_काउंटरवर
गोंयकार, एअरलाइनकडून रिफंडची तारीख आणि रेफरन्स नंबर लेखी मागवा. तो मेल ॲपला जोडून पाठवा आणि एअरसेवावर दोघांचीही नावं टाका. एकाचं नाव टाकलं की दुसरा हात वर करतो.

डेट्रॉइटकर
आमच्याकडे सोपं आहे. २०२४ पासून नियमच आहे की पैसे घेतलेली सीट दिली नाही तर शुल्क परत. क्रेडिट कार्डवर सात कामकाजाच्या दिवसांत, बाकी कशाने भरले असतील तर वीस दिवसांत. अमेरिकेला येणाऱ्या-जाणाऱ्या फ्लाइटलाही लागू, त्यामुळे आईबाबांना मुंबईहून बोलावताना लक्षात ठेवा. मात्र एकट्या तुमचीच सीट गेली असेल तर तुम्ही कळवायला हवं, त्यांना आपोआप समजत नाही. आईच्या वेळी फॉर्म भरला, पत्रसुद्धा लिहावं लागलं नाही.

खडूस_काका
तिकडचं कौतुक पुरे हो.

जाईजुई
आम्हाला पैशांऐवजी व्हाउचर मिळालं, घाईत घेतलंही. आता ते फक्त सीटलाच चालतं, तिकिटाला नाही! आणि रिफंडमध्ये सीटवरचा जीएसटी परत आला का कुणाला? मैत्रिणीला कापून मिळाले, भावाला पूर्ण मिळाले, एकच एअरलाइन.

लांबटांग्या
मलाही कापूनच. विचारलं तर उत्तर नाही.

रानजाई
आम्हाला पूर्ण. कारण देव जाणे. वहिनी उतरली बरं का, मागच्या शेवटच्या रांगेत बसवलं होतं तिला. दोन्ही पासांचे फोटो काढून घेतलेत, आता रात्री पत्र.

सुगरण_ठाणे
रानजाई, बाबांचं ऑपरेशन एका पायाचं की दोन्ही? आमच्या सासूबाईंना डॉक्टरांनी दोन्ही एकदम सांगितलंय, भीती वाटतेय.

रानजाई
एकच, उजवा. दुसरा नको म्हणतात ते. तुला व्यनि करते, फिजिओवाल्यांचं सांगायचंय बरंच.