वहीतल्या परिच्छेदाचं रेसिपी कार्ड कसं करायचं? बांगड्याची उडदमेथी अडलीय, सल्ला हवा

साखळीची_वहिनी
नमस्कार मंडळी. डिसेंबरात नणंदेचं लग्न आहे, ती पुण्याला जाणार. सासूबाईंच्या वहीतल्या १२ रेसिपी तिला कार्डांवर करून द्यायच्यात, सहा बाय चार इंचाची कार्डं, वर साहित्य आणि खाली नंबर घालून कृती. खर्च सगळा मिळून २०० रुपयांत बसवायचाय, मशीन वगैरे काही घ्यायचं नाहीये हे आधीच सांगते.

अडचण अशी की सासूबाईंनी सगळं सलग लिहिलंय. हे बघा, जसंच्या तसं उतरवते:

"बांगडे साफ करून तुकडे करून मीठ लावून ठेवावे. नारळाची एक कवड, सुक्या मिरच्या, धणे, मिरी, हळद व चिंच घालून बारीक वाटावे, पण त्याआधी उडीद व मेथी तेलात तांबूस करून घ्यावी, ती शेवटी घालून वाटण दोनदाच फिरवावे. आंबाडे आधी शिजवून घेतलेले असावेत. वाटण पाणी घालून उकळावे, बांगडे सोडावे, मीठ बघून घालावे, वरून खोबरेल सोडून झाकून ठेवावे."

मी काय केलं, प्रत्येक वाक्याला एक नंबर दिला आणि कार्ड नणंदेच्या हातात दिलं, म्हटलं कर बघू. तिने सगळं वाटून झाल्यावर पुढे वाचलं तर "त्याआधी उडीद व मेथी". मग घाईत भाजायला घेतली, मेथी चमचाभर घातली कारण माप कुठेच नव्हतं, ती काळी झाली आणि रस इतका कडू झाला की सासऱ्यांनी नुसता सोलकढीभात खाल्ला. आंबाडे तर कच्चेच पडले. पोरगी रडवेली झाली आणि चूक माझ्या कार्डाची होती. कसं लिहू?

म्हापशाचो_बाब
वहिनी सरळ लॅमिनेशनचं मशीन घ्या. मी दोन वर्षांमागे घेतलं, मुलांची सर्टिफिकेटं, गाडीचे कागद, सगळं घरीच करतो. कार्ड लॅमिनेट नसेल तर गोव्याच्या पावसात एका जूनमध्ये बुरशी येते.

फोंड्याची_मावशी
बाय, बांगड्याला तिरफळं लिहायची राहिलीत तुझ्या सासूची. आमच्याकडे १०-१२ तिरफळं ठेचून, बी काढून घालतात, त्याशिवाय बांगड्याचा वास जात नाही. मी रस्सा करते तो असा, आधी खोबरं मिरच्या वाटून घ्यायचं, मग तिरफळं, मग सोलां चार-पाच, कांदा अजिबात नको.

पेडण्याची_पोर
मावशी ते हुमण झालं, उडदमेथी नव्हे! उडदमेथीत तिरफळ कोण घालतं?

फोंड्याची_मावशी
आमच्याकडे घालतात. माझ्या आईने ४० वर्षं घातली.

पर्वरीची_टीचर
साखळीची वहिनी, मी शाळेत गृहविज्ञान शिकवायचे, मुलींच्या प्रॅक्टिकल वह्या तपासण्यात माझी उमर गेली. तुझ्याकडे जे झालं ते दर वर्षी कुणा ना कुणाकडे व्हायचंच. सलग लिहिणारी बाई स्वतःच्या आठवणीच्या क्रमाने लिहिते, हाताच्या क्रमाने नाही. ती वाटणाचं लिहीत असते, मध्येच आठवतं की अरे उडीद राहिले, मग "पण त्याआधी" असं घालते. म्हणून पहिलं काम हे की पेन घे आणि परिच्छेदात "आधी", "त्याआधी", "घेतलेले असावेत", "भिजवलेले" असले शब्द जिथे जिथे आहेत तिथे गोल कर. तुझ्या सहा ओळींत असे दोन आहेत आणि दोन्ही पोरीच्या अंगावर आले. ती दोन्ही कामं उचलून वर ने. आंबाडे शिजायला वेळ लागतो म्हणून ते एक नंबर.

दुसरं, साहित्य वापरायच्या क्रमाने लिही. आणि जो जिन्नस दोनदा लागतो तो यादीतच "दोन वेळा" असा लिही. तुझ्याकडे मीठ दोनदा आहे, तेल पण दोनदा. भाजायला "तेल" म्हटलंय आणि वरून "खोबरेल", ते एकच का वेगळं हे सासूबाईंना विचार. यादीत नुसतं "खोबरेल २ चमचे" लिहिलंस तर पोरगी दोन्ही चमचे आधीच कढईत ओतेल.

मडगावचो_दिगू
टीचरचं बरोबर आहे पण खरा प्रॉब्लेम मापाचा आहे. वाटी, चमचा, कवड हे सगळं बंद करा. सगळं ग्रॅममध्ये लिहा. मी वजनकाटा घेतला ७०० रुपयांना, तेव्हापासून माझी एकही रेसिपी फसली नाही. केक करतो मी. एक कवड म्हणजे किती? छोट्या नारळाची का मोठ्या?

पर्वरीची_टीचर
दिगू, नारळाचं म्हणणं पटतं, तिथे काटा बरा. पण पाव चमचा मेथी म्हणजे साधारण एक ग्रॅम, आणि घरचा काटा एक ग्रॅमच्या खाली सांगतच नाही. दाणे टाकत राहिलं तरी शून्य दाखवतो आणि मग एकदम एक नाहीतर दोन. उडदमेथीत तेवढ्या फरकाने रस कडू होतो. मेथी, हळद, मिरी ही चमच्याने नाहीतर दाणे मोजूनच. केकचं वेगळं.

मडगावचो_दिगू
०.१ ग्रॅमचा काटा पण मिळतो.

पेडण्याची_पोर
२०० रुपये बजेट आहे हो त्यांचं!!

डिचोलीचो_प्रिंटवालो
माझं झेरॉक्सचं दुकान आहे म्हणून सांगतो. घरच्या इंकजेटवर छापू नका, ओल्या हाताने धरलं की शाई पसरते, माझ्या बहिणीची अशी १५ कार्डं एका दिवसात गेली. लेझर प्रिंट काढा, ती तशी पसरत नाही. आणि लॅमिनेशनची कड कार्डाला टेकून कापू नका, दोन-तीन मिलिमीटर सोडा, नाहीतर कडेने पाणी आत जातं आणि मग आत बुरशी, जी पुसता पण येत नाही. बाबने सांगितलं ते अर्धंच.

म्हापशाचो_बाब
माझ्या एकाही सर्टिफिकेटात पाणी गेलं नाही. तरी सांगतो, मशीन घ्या.

साखळीची_वहिनी
टीचर, देव बरें करूं. गोल करून बघितले, दोनच निघाले आणि दोन्ही तेच! काल सासूबाईंना ओट्याशी उभं केलं. त्यांना "किती धणे" विचारलं तर "घालते आपली" एवढंच. मग त्यांनी हातात घेतलं की मी आधी ताटलीत ओतायला लावायचे आणि चमच्याने मोजून मग वाटणात. मेथी निघाली बरोबर पाव चमचा. तेल दोन्हीकडे खोबरेलच. आणि एक गोष्ट वहीत नव्हतीच, त्या उडीद आधी टाकतात, त्याचा रंग फिरायला लागला की मगच मेथी, कारण मेथी लवकर करपते. ३० वर्षं करतायत, लिहावंसं वाटलं नाही त्यांना.

आता एक विचारते, "खवलेला नारळ १ कवड" लिहू का "१ कवड नारळ, खवलेला"?

पर्वरीची_टीचर
दुसरं. माप त्या वस्तूचं असतं जी त्याच्या लगेच पुढे येते. "१ वाटी ठेचलेले आंबाडे" म्हणजे ठेचून मग वाटी भरायची, "१ वाटी आंबाडे, ठेचलेले" म्हणजे अख्खे मोजून मग ठेचायचे. दोन्हींत आंबट बरंच कमीजास्त होतं. कवड अख्खी मोजायची असते म्हणून आधी कवड, मग खवलेला.

आणि नंबर वाक्याला देऊ नकोस. जिथे हातातलं भांडं बदलतं किंवा काहीतरी होण्याची वाट बघायची असते तिथे नवा नंबर. वाट बघायची तिथे मिनिटांबरोबर खूण पण दे, "तांबूस होईपर्यंत", कारण तिच्या पुण्याच्या शेगडीची आच तुझ्यासारखी नसणार.

कुडचड्याचो_नितीन
वरचं सगळं वाचलं नाही पण लॅमिनेट करून टाका, पावसात टिकतं. आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर कार्डच कशाला?

साखळीची_वहिनी
नितीनदादा, हाताला माशाचा वास आणि हळद असताना मोबाईलला हात लावणार कोण.

झालं एकदाचं, हे बघा:

बांगड्याची उडदमेथी, ४ जणांना

साहित्य
आंबाडे ४, ठेचलेले
बांगडे ४ मध्यम, प्रत्येकी ३ तुकडे
मीठ दोन वेळा: १ चमचा माशांना, नंतर चवीपुरतं
खोबरेल दोन वेळा: १ चमचा भाजायला, १ चमचा वरून
उडीदडाळ १ चमचा
मेथीदाणे पाव चमचा
वाटणाला: १ कवड नारळ, खवलेला, सुक्या मिरच्या ८, धणे २ चमचे, मिरी ६, हळद अर्धा चमचा, चिंच बोराएवढी
(चमचा म्हणजे चहाचा, सपाट)

कृती
१. आंबाडे थोड्या पाण्यात मऊ शिजवा. पाणी ठेवा.
२. बांगड्यांना मीठ लावून १५ मिनिटं ठेवा.
३. मंद आचेवर खोबरेलात उडीद परता. रंग फिरायला लागला की मेथी. उडीद तांबूस झाले की लगेच ताटलीत काढा. मेथी काळी झाली तर टाकून द्या, नव्याने भाजा.
४. वाटणाचं सगळं साहित्य पाणी घालून बारीक वाटा, बोटाला रवाळ लागता नये.
५. त्यातच उडीद-मेथी घालून मिक्सर दोनदाच फिरवा.
६. पातेल्यात वाटण, आंबाडे त्यांच्या पाण्यासकट आणि १ वाटी पाणी. उकळी आणा.
७. बांगडे सोडा, मध्यम आचेवर ६-७ मिनिटं. ढवळू नका, पातेलं हलवा.
८. मीठ बघा, गॅस बंद करा, वरून खोबरेल, झाकून १० मिनिटं.

पर्वरीची_टीचर
छान उतरलंय गो. आता शेवटची तपासणी कर, यादीतल्या प्रत्येक जिनसावर बोट ठेवून कृतीत तो कुठे पडला ते शोध, आणि मग उलट, कृतीतली प्रत्येक वस्तू यादीत आहे का. पाणी यादीत नाही, ते चालतं. "चिंच बोराएवढी" मात्र बदल. पुण्यात वाढलेली कुणी मुलगी करेल तर तिचं बोर मोठं असेल. १० ग्रॅम लिही.

मडगावचो_दिगू
बघा, शेवटी ग्रॅमच.

फोंड्याची_मावशी
तिरफळं?

साखळीची_वहिनी
तपासलं, सगळं सापडलं. पण टीचर, राग मानू नका, बोराएवढीच ठेवते. नणंद या घरची आहे, तिला आमच्या परसातलं बोर ठाऊक आहे, आणि सासूबाईंच्या वहीत चिंचेला नेहमी तोच शब्द असतो. तेवढा एक त्यांचा राहू दे.

लॅमिनेशन करत नाहीये, छापत पण नाहीये. जाड कार्डशीटचे दोन मोठे कागद आणले ६० रुपयांत, कापून घेतले, आणि बॉलपेनने हाताने लिहिणार. बॉलपेन आणि जेल पेन दोन्हींनी एका तुकड्यावर लिहून ओला हात फिरवला, जेलची शाई पसरली, बॉलपेनची जागची हलली नाही. समोर साहित्य, मागे कृती, दोन्ही एका बाजूला मावत नाही. मागच्या खालच्या कोपऱ्यात आंबाडे मिळाले नाहीत तर कैरीच्या दोन फोडी घालायच्या ते लिहितेय.

डिचोलीचो_प्रिंटवालो
मागे कृती लिहिलीत तर दर वेळी ओल्या हाताने उलटावं लागेल, बघा.

पेडण्याची_पोर
साहित्य आधी सगळं काढून ठेवलं की मग उलटायचं एकदाच. वहिनी आता खतखत्याचं टाका ना, त्यात भाज्यांचा क्रम कसा लावणार तो बघायचाय मला, आमच्या आजीच्या वहीत ११ भाज्या एकाच वाक्यात आहेत.

साखळीची_वहिनी
तेच घेतलंय आज. "भाज्या क्रमाने घालाव्यात" एवढंच लिहिलंय. सासूबाई देवळात गेल्यात, आल्या की विचारते.