मदत हवी आहे: पप्पांच्या मोबाईलवरच्या सबस्क्रिप्शनचा वर्षाचा हिशोब

नमस्कार मंडळी, सांगलीतनं विचारतोय. पप्पांच्या प्ले स्टोअरमधल्या बिलिंग हिस्टरीचा सहा महिन्यांचा स्क्रीनशॉट घेतला आणि बेरीज करून सरळ दुप्पट केली, तर उत्तर चुकलं, कारण वर्षाचा १४९९ चा ओटीटी पॅक मार्चमध्येच कापलेला, तो त्या स्क्रीनशॉटमध्ये आलाच नव्हता. मग प्रत्येक ओळीची तारीख बघून ती किती दिवसांनी परत येते त्यावर गुणलं. बिनजाहिरातीचं व्हिडिओ अ‍ॅप १४९ गुणिले १२ म्हणजे १७८८, गाण्यांचं अ‍ॅप ११९ गुणिले १२ म्हणजे १४२८, तीन महिन्यांचा दुसरा ओटीटी २९९ गुणिले ४ म्हणजे ११९६, आणि ते १४९९. एकूण ५९११ रुपये, आणि पप्पांना वाटत होतं दीडदोन हजार असतील!

आता खरी अडचण. व्हिडिओवाल्या प्लॅनमध्ये गाणी आधीच आहेत आणि २९९ वाला ओटीटी त्यांच्या ८४ दिवसांच्या रिचार्जमध्येही मिळतोय, म्हणजे २६२४ रुपये डबल चाललेत.

१) रिचार्जमधला ओटीटी त्याच नंबरवर चालू केला तर जुना प्लॅन आपोआप थांबतो का आधी हातानं कॅन्सल करावा लागतो?
२) थेट यूपीआय ऑटोपेवर घेतलेलं काही प्ले स्टोअरच्या यादीत दिसत नाही, ते यूपीआय अ‍ॅपमध्ये बघितलं, पण कार्डावर लावलेलं कुठं शोधायचं?

गाण्याची प्लेलिस्ट पप्पांनी चार वर्षं जमवलीय, ती दुसरीकडं नेता येते का तेही कुणीतरी सांगा, ती गेली तर त्यांना फार लागेल.